बिस्किट कंपनीला लेबलबद्दल पत्र लिहिताय? या चुका टाळा, माझ्याकडून झाल्या आहेत

मी रिटायर्ड क्लार्क, वय ६७, डायबेटिसला चौदा वर्षं झाली. दुपारी चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि सोबत नाचणीची बिस्किटं, पुड्यावर पुढे मोठ्या अक्षरात ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेली. मागे बघितलं तर टोटल शुगर १०० ग्रॅममागे फक्त २ ग्रॅम, अ‍ॅडेड शुगर शून्य. म्हणून चार बिस्किटं निर्धास्त खायचो. एक दिवस सहज चहाच्या आधी शुगर तपासली तर १२४, दोन तासांनी १८१. पुढचे तीन दिवस तेच केलं, जवळपास तसंच आलं. मग कंपनीला पत्र लिहिलं. पहिल्या पत्राला आलेलं उत्तर काहीच कामाचं नव्हतं, दुसऱ्याला उत्तरच नाही, तिसऱ्याला मात्र नेमके आकडे मिळाले. पहिल्या दोन पत्रांत काय चुकलं ते इथे लिहितोय, कारण आमच्या सकाळच्या ग्रुपमधले आणखी दोघंतिघं आता असंच पत्र लिहायला बसलेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं ‘साखर किती?’ असं विचारणं

माझ्या पहिल्या पत्रात एवढंच होतं की तुमच्या बिस्किटात साखर नक्की किती आहे ते स्पष्ट कळवा. उत्तर आलं, प्रिय ग्राहक, आमच्या उत्पादनात अ‍ॅडेड शुगर नाही. आता हे खोटं नाही हो, पण माझ्या प्रश्नाचं उत्तरही नाही, आणि चूक माझ्या प्रश्नात होती.

लेबलवरची ‘शुगर’ म्हणजे फक्त साध्या साखरा, म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, आपली नेहमीची साखर, दुधातली लॅक्टोज वगैरे. मैदा, कणीक, नाचणी यांतला स्टार्च त्यात येत नाही, तो पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो तरीही. घटकांच्या यादीत स्टार्चपासूनच बनवलेलं माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तेही बहुतेक सगळं ‘शुगर’च्या ओळीत धरलं जात नाही, पण रक्तातली शुगर ते झपाट्याने वाढवतं. आणि माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांच्यासारखे गोडवा देणारे पदार्थ, ज्यांना पॉलिऑल म्हणतात, तेही शुगरमध्ये मोजत नाहीत. माझ्या बिस्किटात घटक होते गव्हाचं पीठ, नाचणीचं पीठ, तेल, माल्टिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे शुगर २ ग्रॅम हे बरोबरच, आणि त्याच्या वरच्या ओळीत कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅम, तिकडे मी बघतच नव्हतो. पत्रात विचारायचं ते या ६८ बद्दल.

लेबलवर जे आधीच आहे ते न वाचता पत्र लिहू नका

कंपनीला विचारण्याआधी पाच मिनिटं पेन घेऊन बसा, अर्धी उत्तरं पुड्यावरच सापडतात. माझ्या पुड्यावर १०० ग्रॅमला प्रोटीन ८, कार्बोहायड्रेट ६८, फॅट १८, आणि ‘हाय फायबर’ म्हटलंय म्हणून फायबर ९ असं होतं. मला प्रश्न पडलेला की हे ९ त्या ६८ च्या आत आहेत की वेगळे? बेरीज करा. ८ आणि ६८ आणि १८ म्हणजे ९४. बिस्किटात थोडं पाणी आणि क्षार असतातच, पाचसहा ग्रॅम धरा, झाले शंभर. आता फायबरचे ९ वेगळे धरले तर पाणी आणि क्षार सोडूनच १०३ होतात, आणि १०० ग्रॅमच्या बिस्किटात १०३ ग्रॅम माल मावणार कसा! म्हणजे फायबर आतच आहे. आपल्याकडे बऱ्याचदा कार्बचा आकडा असाच काढतात, शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट, क्षार वजा करून जे उरेल ते कार्ब, म्हणून फायबरही त्यातच राहतं. मुलगा ब्रिटनमधून बिस्किटं आणतो तेव्हा उलटं असतं, तिकडच्या लेबलवर कार्बमध्ये फायबर धरत नाहीत, अमेरिकेत परत धरतात. त्यामुळे दोन देशांचे पुडे शेजारी ठेवून तुलना करू नका आणि ती तुलना पत्रात तर अजिबात घालू नका.

बेरीज ९४ च्या बरीच खाली आली असती, समजा ८५, तर मात्र फायबर बाहेर ठेवलंय अशी शंका घ्यायला जागा होती, आणि मग तो प्रश्न पत्रात आधी विचारायचा.

दुसरं म्हणजे पुड्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात अशा अर्थाची सूचना होती. ही सूचना पॉलिऑलचं प्रमाण १० टक्के किंवा त्याच्या वर असलं की येते. म्हणजे माल्टिटॉल किमान दहा ग्रॅम आहे एवढं मला पत्राआधीच कळलं असतं, नेमका आकडा तेवढा विचारायचा राहिला असता.

कायद्याने सक्तीचं काय आणि आपली विनंती काय, याची सरमिसळ

दुसऱ्या पत्रात मी रागाने लिहिलं की एका बिस्किटातले कार्ब आणि माल्टिटॉलचा आकडा न छापणं बेकायदा आहे, तक्रार करेन. उत्तर नाही आलं, आणि आता वाटतं की येणारही नव्हतं, कारण माझा मुद्दाच चुकीचा होता. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत कार्बोहायड्रेट, टोटल शुगर आणि अ‍ॅडेड शुगर हे आकडे सक्तीचे आहेत, १०० ग्रॅमला किंवा १०० मिलीला, आणि अ‍ॅडेड शुगर सर्व्हिंगमागे रोजच्या गरजेच्या किती टक्के तेही. एका बिस्किटाचं वजन छापायची सक्ती नाही. फायबरचा आकडाही एरवी सक्तीचा नाही, पण पुढे ‘हाय फायबर’ लिहिलं की तो द्यावा लागतो.

म्हणून पत्रात दोन भाग ठेवा. लेबलवर सक्तीचा आकडाच नसेल, किंवा ‘शुगर फ्री’ लिहून टोटल शुगर १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या वर छापली असेल, तर ती तक्रार आहे, ठणकावून लिहा, दाद नाही दिली तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या तक्रार पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जा. बाकी सगळं विनंती म्हणून लिहा. विनंतीला धमकी जोडली की ते पत्र लीगलकडे जातं, आणि आकडे ज्या माणसाकडे असतात त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तसंच ‘तुमच्या बिस्किटाने माझी शुगर वाढवली’ हेही लिहू नका. मी लिहिलं होतं, चारही दिवसांच्या रीडिंगसकट. ग्लुकोमीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मीटरच्या स्टँडर्डमध्येच आहे, शिवाय चहात दूध होतंच, दुपारचं जेवण किती वाजता झालं त्यानेही फरक पडतो, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. ती रीडिंग तुमच्या वहीत आणि डॉक्टरांसमोर ठेवा. प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, आधारची झेरॉक्स यातलं काहीही जोडू नका.

सर्व्हिंगचा गोंधळ

लेबलवर सर्व्हिंग १६ ग्रॅम लिहिलेलं. घरात १६ ग्रॅम कोण मोजतं? किचनच्या काट्यावर दहा बिस्किटं ठेवली तर ८० ग्रॅम, म्हणजे एक ८ ग्रॅमचं, म्हणजे त्यांची सर्व्हिंग दोन बिस्किटांची आणि मी खात होतो चार. पत्रात ‘एका सर्व्हिंगचे कार्ब सांगा’ असं विचारलंत तर त्यांच्या सर्व्हिंगचं उत्तर येईल, म्हणून ‘एका बिस्किटाचे’ असंच विचारा. इडली किंवा उपम्याच्या तयार पिठाबद्दल लिहीत असाल तर आकडे कोरड्या पिठाचे आहेत की शिजवलेल्या पदार्थाचे हे आधी विचारा, पाणी घातल्यावर १०० ग्रॅमचा हिशोब पार बदलतो.

पत्र पाठवताना पुड्याचा बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख लिहायला विसरू नका, कंपन्या मधूनमधून घटक बदलतात आणि मग उत्तर दुसऱ्याच रेसिपीचं येतं. ईमेल पुड्यावर ग्राहक तक्रारीसाठी दिलेला असतोच, तो देणं बंधनकारक आहे. पुड्याच्या मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो जोडा.

माझं तिसरं पत्र हे असं होतं:

‘महोदय, मी आपल्या नाचणी बिस्किटांचा नियमित ग्राहक आहे. मला मधुमेह आहे आणि मी खाण्यातले कार्बोहायड्रेट मोजतो. सोबतच्या फोटोतल्या बॅचबद्दल कृपया पुढील माहिती आपल्या क्वालिटी विभागाकडून घेऊन कळवावी. १) लेबलवरच्या ६८ ग्रॅम कार्बोहायड्रेटमध्ये फायबर आणि माल्टिटॉल दोन्ही धरले आहेत का? २) १०० ग्रॅममध्ये माल्टिटॉल किती ग्रॅम? ३) एका बिस्किटाचं सरासरी वजन किती? विनंती: पुढच्या छपाईत एका बिस्किटाचे कार्बोहायड्रेट आणि पॉलिऑलची वेगळी ओळ द्यावी.’

बस, तीन प्रश्न आणि एक विनंती. अठराव्या दिवशी उत्तर आलं. दोन्ही ६८ मध्येच धरलेत, माल्टिटॉल १४ ग्रॅम, एक बिस्किट ८ ग्रॅम.

उत्तर आल्यावरही एक चूक होते, ती म्हणजे सगळं वजा करून टाकणं. फायबरचे ९ वजा केले ते ठीक. माल्टिटॉल मात्र पूर्ण वजा करायचं नाही, त्याने शुगर कमी चढते पण चढते, माझ्या डायटिशियनने अर्धं धरायला सांगितलंय. म्हणजे ६८ मधून ९ गेले, ७ गेले, राहिले ५२. चार बिस्किटं ३२ ग्रॅमची, त्यात साधारण १७ ग्रॅम कार्ब. घरची ३० ग्रॅम कणकेची पोळी खाल्ली तर वीसेक ग्रॅम होतात. म्हणजे रोज चार वाजता मी चहाबरोबर जवळजवळ एक पोळी खात होतो आणि वहीत लिहीत होतो शून्य. जे इन्शुलिन घेतात त्यांनी हा हिशोब आपल्या डॉक्टरांना दाखवूनच डोस ठरवा, आपल्या मनाने नको.

आता दोन बिस्किटं खातो, वहीत ८ लिहितो. गेल्या महिन्यात नवीन पुडा आणला त्यावर ‘१ बिस्किट = अंदाजे ८ ग्रॅम’ असं छापलेलं दिसलं, फार बरं वाटलं. पॉलिऑलची ओळ अजून नाही, ती द्या म्हणून नव्या बॅच नंबरसकट परवाच परत लिहिलंय.