भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देताना

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासजवळ फ्लॅट भाड्याने घेतला. घरमालक काका उदगीरला राहतात. त्यांनी पोलिसांच्या पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरताना स्वतःच्या पत्त्यावरून ठाणं निवडलं. इथल्या ठाण्यात प्रिंट दाखवली, तेव्हा हवालदारांनी सांगितलं, "मालक कुठं राहतो ते बघायचं नाही, घर कुणाच्या हद्दीत येतं ते बघायचं."

शहर आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस वेगळे. बायपासच्या कडेच्या वस्तीत रस्ता ओलांडला तरी ठाणं बदलू शकतं, म्हणून अंदाजानं निवडू नये. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच्या भाडेकरूची पोच दाखवली. तिच्या शिक्क्यावर ठाण्याचं नाव स्पष्ट होतं.

मग फोनवर बोलत काकांकडून फॉर्म नव्याने भरून घेतला. घराचा पत्ता, फ्लॅट नंबर आणि मुदत करारनाम्याप्रमाणे घातली, माझा कायमचा पत्ता आधारवरून. ओळखीच्या दोघांचे नंबर आधी त्यांना विचारूनच दिले, कारण पोलीस तिथं फोन करू शकतात.

प्रिंट, करारनामा, फोटो आणि काकांच्या व माझ्या आधारची झेरॉक्स ठाण्यात दिली आणि शिक्का-तारखेची पोच घेतली. माहिती देणं ही मालकाची जबाबदारी असते, म्हणून मूळ पोच काकांना पाठवली, एक प्रत मी ठेवली.