हाडांची पुनर्रचना: या चुका टाळा, आधी रिसेप्टरचा पत्ता शोधा

"पॅराथायरॉइड हार्मोन ऑस्टिओक्लास्टवर बसतं आणि हाड विरघळवतं." उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मला दर गठ्ठ्यात भेटतं. लिहिणाऱ्याला परिणाम ठाऊक असतो, पण हार्मोनचा पत्ता चुकलेला असतो. मग त्याच चुकीच्या पत्त्यावर पुढची सगळी औषधं जाऊन पडतात.

पॅराथायरॉइड हार्मोनचे रिसेप्टर आहेत ऑस्टिओब्लास्टच्या वंशातल्या पेशींवर आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइटवर. हार्मोन तिथे बसलं की या पेशी रँक-लिगँड जास्त बनवतात आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे ओपीजी, कमी सोडतात. ऑस्टिओक्लास्ट मात्र वेगळ्याच घराण्यातला, रक्तपेशींच्या मोनोसाइट-मॅक्रोफेज वंशातला. त्याच्या पूर्वपेशींवर रँक हा रिसेप्टर असतो. त्यावर लिगँड बसलं आणि जोडीला एम-सीएसएफ मिळालं, की पूर्वपेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी तयार होते. ती हाडाला चिकटते, खालच्या बंदिस्त जागेत आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि कॅथेप्सिन-के या एन्झाइमने कोलॅजन तोडते. म्हणजे हाड खाणाऱ्या पेशीला कामाला लावणारा निरोप बहुतांशी हाड बांधणाऱ्या घराण्याकडूनच येतो. जीवनसत्त्व 'ड'चा निरोपही मुख्यतः याच वाटेने जातो. कॅल्सिटोनिन हा अपवाद. त्याचा रिसेप्टर थेट ऑस्टिओक्लास्टवर आहे, आणि परीक्षक तो मुद्दाम विचारतात.

उजळणी करताना आकृतीत दोन पेशी शेजारी शेजारी काढा आणि प्रत्येक बाण नेमका कोणाच्या पृष्ठभागावर संपतो ते दाखवा. बाण हवेत संपत असेल, तर तेवढाच भाग पुन्हा वाचा.

ओपीजीच्या बाबतीत तर हवेत संपणारा बाणच बरोबर असतो. ओपीजी रिसेप्टरसारखं दिसतं, पण ते पेशीत रोवलेलं नसतं. द्रवात मोकळं फिरतं आणि रँक-लिगँडला वाटेतच पकडतं, म्हणून त्याला फसवा रिसेप्टर म्हणतात. डेनोसुमॅब हेच काम करतं. ते रँक-लिगँडविरुद्धचं मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंड आहे आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये 60 मिलिग्रॅम, दर 6 महिन्यांनी, त्वचेखाली देतात. "डेनोसुमॅब रँकला ब्लॉक करतं" असं लिहिलंत तर एका शब्दाचा फरक राहिला असं वाटेल, पण अर्थ उलटतो. रँक मोकळाच असतो, रिकामा आणि तयार. औषध उतरलं की त्याच्यावर बसायला लिगँड हजर असतं.

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथेच. "बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब दोन्ही ऑस्टिओक्लास्ट थांबवतात, तेव्हा कोणतंही थांबवलं तरी चालेल" असं समजून विद्यार्थी केस सोडवायला घेतात. एक केस घेऊ. 67 वर्षांची स्त्री, पूर्वी एक मणका दबलेला. 3 वर्षांत डेनोसुमॅबचे 6 डोस झाले, हाडांची घनता सुधारली. बरं वाटतंय म्हणून सातवा डोस घेतला नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर 10 महिन्यांनी, काही जड न उचलता, पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये दोन नवे मणके दबलेले. रक्तातलं सीटीएक्स, म्हणजे कोलॅजन तुटल्याची खूण, उपचारापूर्वी होतं त्याहूनही वर. प्रश्न: असं का झालं?

"औषधाचा परिणाम संपला" एवढं लिहून थांबू नका. परिणाम नुसता संपला असता, तर सीटीएक्स जुन्या पातळीला येऊन थांबलं असतं. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. 6 महिन्यांनंतर त्याचा अंमल ओसरतो आणि रँक-लिगँड पुन्हा मोकळं होतं. इतके दिवस दाबून ठेवलेली पुनर्रचना एकदम अनेक ठिकाणी सुरू होते, हीच ती उसळी. उंदरांवरच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली, 2021मध्ये: मोठे ऑस्टिओक्लास्ट सगळेच मरत नाहीत. काही तुटून लहान पेशी होतात, त्यांना ऑस्टिओमॉर्फ म्हणतात, आणि या पेशी पुन्हा एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट बनू शकतात. माणसातल्या उसळीत त्यांचा वाटा किती, यावर उत्तर उभं करू नका, पण यंत्रणा म्हणून एक ओळ जरूर लिहा. खड्डा खणायला काही आठवडे लागतात आणि तो भरायला काही महिने. एकाच वेळी असे असंख्य खड्डे उघडले, की मणक्यातलं जाळीदार हाड आधी ढासळतं.

आता हीच स्त्री झोलेड्रोनेटवर असती तर? नायट्रोजनयुक्त बिस्फॉस्फोनेट हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं. ऑस्टिओक्लास्ट हाड खातो तेव्हा औषधही त्याच्या पोटात जातं. तिथे ते मेव्हॅलोनेट मार्गातलं फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज अडवतं. त्यामुळे लहान जीटीपेज प्रथिनांना लागणारी लिपिडची शेपटी मिळत नाही, पेशीची चुणीदार कड विस्कटते आणि शेवटी पेशी मरते. शेवटचा डोस होऊन गेला तरी खनिजात अडकलेलं औषध तिथेच राहतं, म्हणून उसळी येत नाही.

या फरकातूनच उपाय निघतो. डेनोसुमॅब बंद करायचंच असेल, तर त्याच्या मागून बिस्फॉस्फोनेट देतात, साधारणपणे पुढचा डोस ज्या सुमारास ठरलेला असतो तेव्हा. फार लवकर दिलं तर हाडाचे पृष्ठभाग अजून शांत असतात. खाणं चालूच नसल्याने औषध चिकटायला उघडी जागा थोडी आणि गिळणाऱ्या पेशीही थोड्या. फार उशीर केला तर उसळी सुरू झालेली असते. ही वेळेची बाजू उत्तरात कारणासह लिहिलीत तर परीक्षकाला कळतं की तुम्ही यंत्रणा समजून घेतली आहे.

टेरिपॅराटाइडचं कोडंही याच पत्त्याने सुटतं. तेच पॅराथायरॉइड हार्मोन, त्याचे पहिले 34 अमिनो आम्लांचे दुवे. सतत वाढलेलं राहिलं तर रँक-लिगँड वर आणि ओपीजी खाली, म्हणून हाड जातं. रोज 20 मायक्रोग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं तर पातळी थोडा वेळ चढते आणि उतरते, त्यात आधी बांधणीला जोर मिळतो. क्रमाचा सापळा मात्र लक्षात ठेवा. टेरिपॅराटाइडनंतर डेनोसुमॅब दिलं तर मिळवलेलं हाड टिकतं आणि वाढतं. उलट क्रमात, डेनोसुमॅब सोडून टेरिपॅराटाइडवर गेलं तर हाड घटतं, कारण उसळीला रोखणारं काहीच नसतं.

रोमोसोझुमॅबमध्ये गोंधळ होतो तो दुहेरी नकाराचा. ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन सोडतात. स्क्लेरोस्टिन एलआरपी 5 आणि 6 वर बसून व्न्ट मार्ग अडवतं आणि बांधणी मंदावते. औषध हा अडथळा पकडतं, म्हणून बांधणी वाढते, आणि सोबत हाड खाणंही घटतं. महिन्याला 210 मिलिग्रॅम, एकूण 12 महिने. नंतर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघाताच्या इशाऱ्यावर प्रश्न आलाच, तर तो या औषधाचा आहे, डेनोसुमॅबचा नाही. डेनोसुमॅबच्या बाबतीत विचारतात ते रक्तातलं कॅल्शियम घसरणं, विशेषतः मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णात.