सयामी मांजरीच्या कुशीवर काळा चट्टा उठलाय? या चुका टाळा

मुलुंडच्या एका ताईंच्या सील पॉइंट सयामी मांजरीची डिसेंबरात नसबंदी झाली. ऑपरेशनसाठी कुशीवरचे केस मशीनने काढले होते. फेब्रुवारीपर्यंत केस परत आले, पण सायीच्या रंगाचे नाही, तर शेपटीसारखे गडद तपकिरी. ताईंना वाटलं बुरशी झाली. त्यांनी मेडिकलमधून माणसांची ट्यूब आणून चोळायला सुरुवात केली.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सयामीत रंग तयार करणारं टायरोसिनेज हे एन्झाइम जन्मतःच थोडं सदोष असतं. ऊब वाढली की ते काम करेनासं होतं. मांजरीच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश, म्हणून धड फिकं राहतं. कान, नाक, पंजे, शेपटी त्यामानाने थंड, तिथे रंग भरतो. केस काढले की कुशीवरची पांघरुणाची ऊबही जाते, आणि तिथे उगवणारा नवा केस गडद येतो. मुंबईच्या उकाड्यातसुद्धा हे होऊ शकतं, कारण ३० अंशांची खोलीही मांजरीच्या अंगापेक्षा बरीच थंडच असते.

मग बुरशी नाही हे ओळखायचं कसं? केस बाजूला सारून कातडी बघा. ताईंच्या मांजरीची कातडी स्वच्छ होती, केस दाट आणि मऊ होते, आणि चट्ट्याची कड मशीन फिरलं होतं तिथेच, अगदी सरळ रेषेत थांबत होती. बुरशीत केस तुटतात, टक्कल पडतं, कोंडा किंवा खपली दिसते, आणि ती मशीनची रेष पाळत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवाच, कारण ही बुरशी घरातल्या माणसांनाही लागते. ट्यूब मात्र मनाने लावू नका. आपल्याकडच्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि मांजर अंग चाटते तेव्हा ते थेट पोटात जातं.

दुसरी चूक म्हणजे "फिके येतील" म्हणून तोच भाग पुन्हा भादरणं. त्याने पुन्हा गडदच केस येतात. बाहेर आलेल्या केसाचा रंग बदलत नाही. तो झडून, वरच्या दाट केसांच्या उबेत नवा उगवला तरच फिका येतो. त्याला काही महिने लागतात. टाके बरे होईपर्यंत डॉक्टरांनी अंगात कापड घालायला सांगितलं असेल तर घाला, पण रंगासाठी मांजरीला गुंडाळून ठेवू नका. मे महिन्यात तिला उष्माघात होईल.

पिल्लं पांढरी जन्मली म्हणून बोक्यावर शंका घेणारेही भेटतात. गर्भातली ऊब सगळीकडे सारखीच, त्यामुळे सयामी पिल्लू जवळजवळ पांढरंच जन्मतं. पहिल्या काही आठवड्यांत कानाच्या कडा आणि नाक काळवंडू लागतं. लायलॅकसारख्या फिक्या रंगांत आणखी उशिराने. रंग लवकर यावा म्हणून पिल्लांना एसीखाली ठेवू नका. त्या वयात त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही.