विणकामाच्या फोटोत ताण कुठे बिघडला ते कसं ओळखाल?

पुढून सुलट ओळ, मागून उलट ओळ असं साधं विणकाम पुढून पट्ट्यापट्ट्यांचं दिसत असेल, तर आधी उलट बाजूचा फोटो काढा. तुकडा न ताणता सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वरून धरा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. फ्लॅश मारला की टाक्यांच्या सावल्या जातात आणि नेमकं तेच बघायचं असतं.

फोटो मोठा करून आडवे उंचवटे बघा. ते समान अंतरावर असतील तर ताण ठीक आहे. पण दोन-दोन उंचवटे जवळ आणि मग एक खोल फट, असं सगळीकडे दिसलं तर एकाआड एक ओळ सैल पडते आहे. बहुतेकांची उलट ओळच सैल असते, कारण उलट टाक्याला हात जास्त धागा सोडतो.

अशा वेळी उलट ओळ विणणारी सुई बारीक घ्या. समजा दोन्ही सुया ४ मिमीच्या आहेत, तर उलट ओळीसाठी ३.५ मिमीची घेऊन दहाबारा ओळी विणा आणि पुन्हा तसाच फोटो काढा. फटी गेल्या तर निदान बरोबर. नुसता धागा घट्ट ओढून हे साधत नाही. टाक्याचं माप सुईच्या जाडीवर ठरतं.

फट उभी, शिडीसारखी असेल तर मात्र कारण वेगळं: गोल विणताना दोन सुयांच्या सांध्यावर धागा ढिला राहतोय.