साहेबांच्या साहेबांना मेल: नावं नकोत, तारखा हव्यात

दुसऱ्या टीममुळे काम अडलं, म्हणून वरच्या साहेबांना मेल टाकण्याआधी आपल्या मॅनेजरला मसुदा दाखवा आणि सीसीमध्ये ठेवा. त्यांना तो वरून कळला, तर मूळ विषय बाजूलाच राहतो.

मसुद्यात वाक्याचा कर्ता माणूस नको, काम हवं. ‘डेटा टीमने फाइल दिली नाही’ याऐवजी ‘फाइल आली नाही’. मराठीत हे सहज जमतं. ‘वारंवार’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द काढा. त्यांच्या जागी तारखा टाका. समजा, दर पंधरवड्याला ग्राहकांच्या नोंदींची फाइल येते आणि त्यावर आपली चाचणी अवलंबून आहे. 9 जुलैचा मेल असा:

‘6 जूनची फाइल 11 जूनला आली, 20 जूनची 26 जूनला. 4 जुलैची अजून आलेली नाही. चाचणीला 8 दिवस लागतात. फाइल 10 जुलैपर्यंत न आल्यास 18 जुलैचं रिलीज पुढे जाईल. निर्णय हवा: रिलीज हलवायचं, की जुन्या फाइलवर अर्धी चाचणी करून जोखीम घ्यायची? उद्या दुपारपर्यंत कळवावं.’

तारखा आठवणीतून लिहू नका, जुन्या मेलमधून उचला. आपल्याकडून उशीर झाला असेल तर तोही यादीत घाला: ‘20 जूनची फाइल कशी हवी, याचा नमुना आमच्याकडून 2 दिवस उशिरा गेला.’ नाहीतर समोरचा तेवढंच धरून बसतो.

आणि ती चाळीस उत्तरांची मेलसाखळी फॉरवर्ड करू नका. मेलमधून काढलेली सगळी नावं तिच्यात असतातच.