छोट्या मिक्सरवर ऑक्स आणि ग्रुप: या चुका टाळा

आठ माइक-चॅनल, मॉनिटर किंवा इफेक्टकडे आवाज वेगळा पाठवणारे दोन ऑक्स आणि अनेक चॅनल एकाच फेडरवर आणणारी ग्रुपची एक जोडी एवढ्या मिक्सरवर भाषणं आणि समूहगानाचा कार्यक्रम व्यवस्थित होतो. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच असतं: हातातला फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, नेमका कुठला आवाज कमी-जास्त करतो हे न तपासताच कार्यक्रम सुरू केलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे स्टेज मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, पोस्ट-फेडर ऑक्सवर देणं. प्री ऑक्स फेडरच्या आधी सिग्नल उचलतो, त्यामुळे फेडर हलवला तरी मॉनिटर जागचा हलत नाही. पोस्ट ऑक्स फेडरनंतर उचलतो, म्हणजे फेडर जाईल तिकडे तोही जातो. हे वाचलेलं बहुतेकांनी असतं. पण ऑक्स एकच्या मास्टरजवळ प्री-पोस्टचं एक छोटं बटण असतं, आणि ते कुठल्या बाजूला आहे हे बघायचं राहून जातं.

माझ्याकडूनही एकदा राहिलं होतं. चार गायक, मॉनिटर ऑक्स एकवर. साउंड चेकला सगळं छान वाजलं, कारण तेव्हा फेडर कोणी हलवतच नव्हतं. कार्यक्रमात पोडियमवर एक अगदी हळू बोलणारे वक्ते आले. मी त्यांचा फेडर साधारण १० डीबी वर नेला. बटण पोस्टवर होतं, म्हणून मॉनिटरही तेवढाच चढला आणि पोडियमसमोरच्या मॉनिटरने शिट्टी धरली. मी झटकन फेडर खाली घेतला, तर सभागृहातला आवाजही गेला. दुसऱ्यांदा वर नेला, पुन्हा शिट्टी. मग सगळ्यांसमोर इक्वलायझर फिरवत बसलो, माइकचा सिग्नल चॅनलमध्ये शिरतानाच वाढवणारा गेन कमी केला, आणि खरं कारण मात्र ते दोन मिलिमीटरचं बटण होतं. ते मध्यंतरात सापडलं.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. एका माइकमध्ये बोलायचं, ऑक्स एक उघडायचा, आणि त्या चॅनलचा फेडर पूर्ण बंद करायचा. मॉनिटरमध्ये आवाज तसाच राहिला तर प्री, गेला तर पोस्ट. दहा सेकंद लागतात. पॅनलवर काय छापलंय यापेक्षा मी याच चाचणीवर विश्वास ठेवतो. त्याच वेळी म्यूट दाबून बघतो, कारण काही मिक्सरवर म्यूट केल्यावर प्री ऑक्सही बंद होतो आणि काहींवर होत नाही. याचा उपयोग पुढे येतोच.

कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावू नका. प्री ऑक्स गेननंतर सुरू होतो, म्हणून गेन वाढवला की मॉनिटरही वाढतो.

दुसरी चूक ग्रुपची, आणि ती मला जास्त खुपते, कारण ती घाईतून होते. चॅनलवर ग्रुपचं बटण दाबलं जातं, पण आधीच दाबलेलं मेनचं, म्हणजे सभागृहाच्या स्पीकरकडे थेट जाणाऱ्या वाटेचं, बटण सोडलं जात नाही. आता तोच सिग्नल दोन वाटांनी मेनमध्ये येतो: थेट, आणि ग्रुपमधून. ग्रुप फेडर ० डीबीच्या खुणेवर असेल तर एकूण पातळी ६ डीबी वाढते, आणि ग्रुप पूर्ण खाली ओढला तरी ती फक्त तेवढीच खाली येते. मग नवखा माणूस म्हणतो, ‘ग्रुप नीट चालत नाही’. ग्रुप नीट चालतोय, फक्त थेट वाट उघडी राहिलीये. ओळखायची खूण सोपी: ग्रुप फेडर तळाला न्या. आवाज नुसता बारीक झाला, बंद नाही झाला, तर मेनचं बटण दाबलेलं आहे.

माझी मांडणी अशी असते. चॅनल १ पोडियम, २ हातातला कॉर्डलेस. हे दोन्ही ग्रुप एकवर. ३ ते ६ गायकांचे माइक. ते ग्रुप दोनवर. ७ कीबोर्ड आणि ८ गिटार थेट मेनवर. ग्रुपची जोडी एकाच बटणावर असते, त्यामुळे चॅनलचा पॅन, म्हणजे डावी-उजवी बाजू ठरवणारा नॉब, पूर्ण डावीकडे केला की सिग्नल ग्रुप एकमध्ये जातो आणि उजवीकडे केला की दोनमध्ये. पॅन मध्ये ठेवला तर दोन्हीकडे जातो, आणि मग वेगळे ग्रुप केले कशासाठी? शिवाय ग्रुपकडून मेनकडे जाताना डावं-उजवं दोन्ही दाबलंय ना ते पाहा. नाहीतर भाषण एका बाजूच्या स्पीकरमधून आणि गाणं दुसऱ्या बाजूच्या, असा प्रकार होतो. काही मिक्सरवर हे वेगळं बटण नसतं, ग्रुप एक फक्त डावीकडेच जातो. तिथे मी स्टेरिओचा हट्ट सोडून सभागृह मोनो आउटवरून चालवतो.

भाषणाच्या वेळी ग्रुप दोन खाली, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधीची जागा साधारण ३ डीबीने घटते. सहा उघडे माइक दोनवर आणले तर जवळपास ५ डीबी परत मिळतात, आणि हळू बोलणाऱ्या वक्त्यासाठी तेवढे पुरतात. पण ही बचत फक्त मेनची आहे. ग्रुप खाली गेला तरी गायकांचे चार माइक प्री ऑक्समधून मॉनिटरमध्ये वाजतच राहतात, कारण ऑक्सला ग्रुप फेडर दिसतच नाही. म्हणून भाषण सुरू होताना मी त्या चारही चॅनलवर म्यूट दाबतो. म्यूटने प्री ऑक्स बंद होत नसेल तर चारही चॅनलचे ऑक्स एकचे नॉब खाली. मधली पळवाट म्हणून ऑक्सचा मास्टरच खाली करणारे आहेत, पण त्याने पोडियमचा मॉनिटरही जातो आणि पुढच्या गाण्याला तो परत उघडायचा राहून जातो.

इकोचंही तसंच. ऑक्स दोन पोस्टवर ठेवून इफेक्टला दिला, तरी तो चॅनल फेडरच्या मागे जातो, ग्रुप फेडरच्या नाही. ग्रुप दोन ओढला की गायकांचा कोरडा आवाज जातो आणि मागे नुसती गुंज उरते. इफेक्टमधून परत येणारा आवाज, म्हणजे रिटर्न, मेनऐवजी ग्रुप दोनमध्येच घातला की दोन्ही एकत्र खाली येतात. रिटर्न एखाद्या चॅनलवर घेतला असेल तर त्या चॅनलचा ऑक्स दोन पूर्ण बंद ठेवा. तो उघडा राहिला तर इफेक्ट स्वतःलाच ऐकत फिरतो आणि काही सेकंदांत हूं करत चढतो.

मागच्या रांगांसाठी स्पीकर लावायचे म्हणून ऑक्स दोन हिसकावून घेणारेही भेटतात. मग इको कुठून देणार? मोनो आउट असेल तर मागचे स्पीकर त्यावर द्या. नसेल आणि मागची गरज खरी असेल, तर मी इको सोडतो. शब्द कळणं गुंजेपेक्षा महत्त्वाचं. ऑक्स दोन तेव्हाही पोस्टच हवा, म्हणजे फेडरबरोबर मागचा आवाजही बदलेल. पण ग्रुप दोन ओढला तरी मागे गायकांचे माइक चालू राहतील, तिथेही चॅनल म्यूटच लागतो. आवाजाला दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २० मीटरवर जवळपास ५८. मागचा स्पीकर तेवढा उशिरा वाजवायला डिले लागतो, आणि ॲनालॉग मिक्सरमध्ये तो नसतो. तो बाहेरून लावता येत नसेल तर मागचे स्पीकर इतके हळू ठेवा की मागे बसल्यावर आवाज पुढून येतोय असंच वाटेल. हे मिक्सरजवळ उभं राहून कळत नाही, शेवटच्या रांगेत जाऊन बसावं लागतं.