शेंगेनचा दोन वर्षांचा बिझनेस व्हिसा मागताना या चुका टाळा

युरोपला वर्षातून तीन-चार वेळा जाणारे निर्यातदार एक तक्रार हमखास करतात: "फॉर्मवर मल्टिपल एंट्रीची खूण केली होती, तरी व्हिसा मिळाला वीस दिवसांचा." खूण करणे ही फक्त मागणी झाली. ती का मान्य करायची, हे बाकीच्या कागदांतून दिसावे लागते आणि नेमके तिथेच बहुतेक फाइली लंगड्या असतात.

आधी नियम. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला भारतीयांसाठी १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने खुला केला. भारतात राहणाऱ्या आणि भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकाने मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमानुसार वापरले असतील, तर त्याला दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा देता येतो. त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, साधारणपणे पाच वर्षांचा. दुसरा रस्ता जुनाच आहे. वारंवार जाण्याची खरी गरज सिद्ध केली आणि अर्जदार भरवशाचा वाटला, तर अधिकारी पाच वर्षांपर्यंतचा व्हिसा देऊ शकतो. 'देऊ शकतो', द्यायलाच हवा असे नाही. या रस्त्यावर अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे जुने व्हिसे भरवशाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण पहिल्या रस्त्याच्या मोजणीत ते धरले जात नाहीत.

पहिली चूक इथेच होते: आपण कुठल्या रस्त्याने चाललो आहोत हे अर्जात कुठेच लिहिलेले नसते. अधिकाऱ्याने जुने पासपोर्ट उलगडून आपले गणित आपल्यासाठी मांडावे, अशी अपेक्षा धरू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा मार्केटिंग मॅनेजर आहे. जर्मनीत स्टुटगार्टजवळ कंपनीचे मोठे गिऱ्हाईक आहे. जून २०२३ मध्ये तो ड्युसेलडॉर्फला गिफा प्रदर्शनाला गेला होता, त्यासाठी मे महिन्यात व्हिसा मिळाला होता. दुसरा व्हिसा मार्च २०२५ मध्ये, हॅनोवर मेसे या औद्योगिक प्रदर्शनासाठी. आता एप्रिल २०२६ च्या हॅनोवर मेसेसाठी तो फेब्रुवारीत अर्ज करतो आहे. दोन्ही व्हिसे तीन वर्षांच्या आत बसतात. हाच माणूस "एप्रिलचे जाऊ दे, ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाकडे जाऊ" म्हणत जुलैमध्ये अर्ज करील, तर २०२३ चा व्हिसा मोजणीतून बाहेर पडतो आणि हातात एकच उरतो. प्रवास तोच, कागद तेच, पण तारीख चुकली. म्हणून पुढचा दौरा ठरवतानाच सर्वांत जुन्या व्हिशाची तारीख पाहावी. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, ही सवलत इथे कामी येते.

मोजणीतली आणखी एक मेख म्हणजे विमानतळ ट्रान्झिट व्हिसा आणि मर्यादित प्रदेशापुरता दिलेला व्हिसा यांत धरत नाहीत. आणि व्हिसा नुसता घेतलेला नाही, वापरलेलाही असावा लागतो. मीटिंग रद्द झाली म्हणून न वापरलेला व्हिसा इथे उपयोगाचा नाही.

'नियमानुसार वापरला' याचा पुरावा कोणता, तर आत जाताना आणि बाहेर पडतानाचे शिक्के. युरोपची नवी एंट्री-एक्झिट प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ ला टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तिथून पुढच्या नोंदी हळूहळू संगणकावर येऊ लागल्या. त्याआधीच्या प्रवासासाठी मात्र शिक्केच. बाहेर पडतानाचा शिक्का पुसट असेल किंवा घाईत मारायचाच राहिला असेल, तर परतीचा बोर्डिंग पास आणि मुंबईच्या इमिग्रेशनचा शिक्का यांच्या प्रती जोडाव्यात. बोर्डिंग पास टॅक्सीतच टाकून देणाऱ्यांना हे नंतर आठवते. आमच्याकडे अकाउंट्सवाले प्रवासभत्त्यासाठी ते मागून घेतात, म्हणून कुठल्या तरी बॉक्स फाइलमध्ये सापडतात तरी.

आता पासपोर्ट. आपल्या मॅनेजरचा पासपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो असे धरा. फेब्रुवारीत त्याच पासपोर्टवर त्याने दोन वर्षे मागितली, तर देणार कशावर? शेंगेन भागातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असावा लागतो. म्हणजे अधिकारी कितीही अनुकूल असला तरी ऑक्टोबर २०२६ च्या पुढे तो जाऊ शकत नाही. दोन वर्षांची पात्रता असून हाती आले जेमतेम सहा महिने. मुदत संपायला वर्षभर उरले असताना पासपोर्टचे नूतनीकरण करता येते, तेव्हा ते आधी उरकून नव्या पासपोर्टवर अर्ज करावा. साधा हिशेब असा: व्हिसा जिथून सुरू व्हावा ती तारीख, अधिक दोन वर्षे, अधिक तीन महिने. पासपोर्ट त्याच्या पुढे चालला पाहिजे.

नवा पासपोर्ट घेतला की लगेच दुसरी चूक होते. जुना पासपोर्ट कपाटात जातो आणि अर्जाबरोबर कोरा करकरीत नवा. दोन्ही जुने व्हिसे तर त्या जुन्यातच आहेत. जुना मूळ पासपोर्ट आणि व्हिसा-शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स द्याव्यात. पूर्वी बोटांचे ठसे दिल्याची तारीख आणि जुन्या स्टिकरचा क्रमांक फॉर्मवर विचारतात, तोही भरावा. ते ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात.

कंपनीच्या पत्राकडे वळू, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. सर्वत्र फिरणारा मजकूर असतो तो असा: "आमचे मॅनेजर व्यवसायानिमित्त युरोपला जात आहेत. त्यांना मल्टिपल एंट्री व्हिसा द्यावा ही विनंती. सर्व खर्च कंपनी करेल." यात एकाच दौऱ्याची माहिती आहे आणि मागणी दोन वर्षांची. सोबतचे जर्मन कंपनीचे निमंत्रणही त्याच चार दिवसांचे. अधिकारी चार दिवसांचाच व्हिसा देतो आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

त्याऐवजी पत्रात तीन गोष्टी क्रमाने याव्यात. आधी पहिला दौरा: तारखा, कुणाला भेटणार, कशासाठी. मग पुढची गरज, कारणासह. आमच्या मॅनेजरच्या बाबतीत ती अशी लिहिता येईल: "या गिऱ्हाइकाला आम्ही करारानुसार पंप हाउसिंगच्या कास्टिंग पुरवतो. नव्या पार्टच्या मंजुरीसाठी आणि गुणवत्तेच्या आढाव्यासाठी आमच्या प्रतिनिधीला वर्षातून अंदाजे तीन वेळा त्यांच्या कारखान्यात जावे लागते. कास्टिंगमध्ये दोष निघाल्यास आठवड्याच्या आत जाऊन पाहावे लागते, आणि तेवढ्या वेळात नवा अर्ज करून व्हिसा मिळणे शक्य नसते. जून २०२७ मध्ये ड्युसेलडॉर्फला गिफा आहे, तिथेही जायचे आहे." शेवटी पात्रता: "अर्जदाराने मे २०२३ आणि मार्च २०२५ मध्ये मिळालेले शेंगेन व्हिसे नियमानुसार वापरले आहेत, प्रती जोडल्या आहेत. म्हणून दोन वर्षांच्या व्हिशाची विनंती."

दोषाचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रदर्शनाची तारीख वर्षभर आधी कळते, त्यासाठी दरवेळी वेगळा व्हिसा काढता येतो. अचानक जावे लागते, हेच दीर्घ मुदतीचे खरे कारण. त्याला आधार म्हणून पुरवठा करार, गेल्या वर्षभरातल्या मोजक्या पर्चेस ऑर्डर आणि गिऱ्हाइकाचा एखादा तक्रारीचा ईमेल जोडला की पुरे. पन्नास इनव्हॉइसचा गठ्ठा कुणी वाचत नाही.

गिऱ्हाइकाच्या निमंत्रणातही 'वर्षातून अनेक भेटी अपेक्षित आहेत' असे एक वाक्य घालून मागावे. न मागता ते लिहीत नाहीत. मालक स्वतः प्रवास करत असेल, तर स्वतःच स्वतःची शिफारस करणाऱ्या पत्राला फार वजन नसते. मग आयात-निर्यात कोड, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रे आणि हे निमंत्रण यांच्यावरच भार टाकावा.

पत्रात 'मशीन बसवणे', 'साइटवर काम' असे शब्द सहज लिहिले जातात. मीटिंग, प्रदर्शन, करार, तपासणी हे बिझनेस व्हिशात बसते. प्रत्यक्ष काम करायला परवानगी लागते की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. तिथे खरेच हातात पाना घ्यायचा असेल तर ते लपवू नका, आधी वकिलातीकडून तपासून घ्या. आणि जायचे फक्त मीटिंगला असेल, तर 'काम' हा शब्द लिहून गोंधळ घालू नका.

अर्ज कुठल्या देशाकडे, हा पुढचा घोळ. "फलाण्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते" म्हणून एजंट तिकडे वळवतात आणि प्रवास होतो जर्मनीचा. जास्त दिवस जिथे राहणार किंवा प्रवासाचा मुख्य हेतू जिथे आहे, त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो. दोन महिन्यांच्या आत वेगवेगळ्या फेऱ्या असतील, तर त्या एकत्र धरून मुख्य देश ठरतो. जुन्या व्हिशाचा देश आणि शिक्के यांचा मेळ बसत नसेल, तर 'नियमानुसार वापर' यावरच प्रश्न उभा राहतो. दोन वर्षांचा व्हिसा मिळाल्यावर मात्र पुढच्या एखाद्या फेरीत इटलीच्या गिऱ्हाइकाकडे जाणे गैर नाही, तो सगळ्या शेंगेन देशांत चालतो.

विम्याबद्दल उगाच खर्च होतो. दोन वर्षांची पॉलिसी लागत नाही. पहिल्या फेरीपुरता, किमान ३०,००० युरोचा विमा पुरतो. पुढच्या फेऱ्यांसाठी विमा घ्यावा लागेल हे माहीत असल्याची सही फॉर्मवरच असते.

व्हिसा हातात आल्यावर स्टिकर केंद्रातच वाचा: मुदत कधीपासून कधीपर्यंत, एंट्रीच्या जागी 'मल्ट', राहण्याचे दिवस ९०. दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षे राहता येते असे नाही. कुठलाही दिवस घ्या, त्याच्यासह मागच्या १८० दिवसांत एकूण ९० च्या वर मुक्काम होता कामा नये, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. जानेवारी-जून, जुलै-डिसेंबर असे खण नसतात. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर याचे कॅल्क्युलेटर आहे, तिकीट काढण्याआधी तारखा त्यात टाकून पाहाव्यात. एका दिवसाचा जादा मुक्कामही आता संगणकावर दिसतो आणि पुढे पाच वर्षांच्या व्हिशासाठी अर्ज करताना तो नडतो.

सगळे नीट देऊनही कमी मुदतीचा व्हिसा आला तर? शंका असेल तिथे मुदत कमी करण्याची मुभा नियमांतच आहे. तो नकार नसल्यामुळे नकारासारखे कारणांचे पत्र मिळत नाही. व्हिसा केंद्रावर वाद घालण्यात अर्थ नाही, ते फक्त कागद स्वीकारतात, निर्णय वकिलातीचा असतो. स्टिकरवर नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला असेल, तरच तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. नाहीतर मिळालेला व्हिसा वापरा, शिक्के आणि बोर्डिंग पास जपा, आणि पुढच्या अर्जाच्या पत्रात आधीच्या दोनऐवजी तीन व्हिशांच्या तारखा लिहा.